डेड टाइमसाठी पहिल्या क्रमाचं पाडे घेतलं: कागदावर मर्यादा 5, रिगवर साडेतीनलाच आंदोलन

मांजलपूरची_ऋजुता
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एम.ई. करते, इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन. आमच्या लॅबमधल्या तापमान-नियंत्रणाच्या रिगबद्दल विचारायचं आहे.

रिग अशी आहे: ढवळणी असलेली लहान टाकी, तिच्यात हीटर. तिथून पाणी गुंडाळी केलेल्या 10 मीटर नळीतून जातं आणि नळीच्या टोकाला आरटीडी आहे. नळीचा आतला व्यास 12 मिलिमीटर, प्रवाह मिनिटाला सुमारे 3.4 लिटर, म्हणजे पाण्याचा वेग जवळपास अर्धा मीटर प्रति सेकंद. त्यामुळे डेड टाइम 20 सेकंद. हीटरला स्टेप देऊन पाहिलं तर टाइम कॉन्स्टंट 40 सेकंद मिळाला आणि गेन टक्क्याला टक्का, म्हणजे 1.

```
G(s) = e^(-20s) / (40s + 1)
```

कंट्रोलर निव्वळ प्रपोर्शनल. राउथ लावायचा म्हणून डेड टाइमच्या जागी पहिल्या क्रमाचं पाडे घातलं:

```
e^(-20s) ≈ (1 - 10s) / (1 + 10s)
400s² + (50 - 10k)s + (1 + k) = 0
```

यातून k < 5 आलं. रिगवर मात्र k साडेतीनच्या आसपास नेला की तापमान न थांबता वरखाली होत राहतं, आवर्तन 70-72 सेकंदांचं. याच समीकरणातून k = 5 ला आवर्तन 51 सेकंद निघतं. आणखी एक गोष्ट: पाडेवालं सिम्युलेशन केलं की ओपन लूपमध्येही हीटर वाढवल्यावर तापमान आधी थोडं खाली जातं आणि मग चढतं. रिगवर असं काहीही दिसत नाही, 20 सेकंद रेघ सरळ असते. चूक मॉडेलमध्ये आहे की रिगमध्ये?

प्रोसेस_प्रमोद
हे डेड बँडचं प्रकरण आहे, आमच्याकडे रोज असतं. व्हॉल्व्ह अडकतो, मग एकदम सुटतो आणि लूप नाचायला लागतो. पोझिशनर तपासा, ग्लँड फार आवळली आहे का बघा. गणिताच्या मागे लागू नका, 80 टक्के वेळा दोष व्हॉल्व्हचाच निघतो.

मांजलपूरची_ऋजुता
प्रमोददादा, या रिगमध्ये कंट्रोल व्हॉल्व्हच नाही. हीटर थायरिस्टरवर चालतो आणि प्रवाह हाताच्या व्हॉल्व्हने एकदाच बसवलेला आहे. डेड बँड नाही, डेड टाइम म्हणतेय मी. नळीतून पाणी पोहोचायला लागणारा वेळ.

नंदेसरीकर
प्रमोद, व्हॉल्व्ह असता तरी तुझा तर्क इथे बसला नसता. निव्वळ प्रपोर्शनलवर, स्वतःहून स्थिरावणाऱ्या प्रोसेसमध्ये, स्टिक्शन सहसा आंदोलन टिकवून धरत नाही. त्याला इंटिग्रलची साथ लागते. शिवाय अडकणाऱ्या व्हॉल्व्हचा आलेख कोपरेदार येतो. ऋजुता, तुझा आलेख साइनसारखा गुळगुळीत आहे ना?

मांजलपूरची_ऋजुता
हो काका, अगदी गुळगुळीत.

गोत्री_रोड
मला यात एवढं गूढ काही वाटत नाही. डेड टाइम 20, टाइम कॉन्स्टंट 40. निम्माच आहे. डेड टाइम टाइम कॉन्स्टंटपेक्षा लहान असेल तर पहिल्या क्रमाचं पाडे पुरतं, आम्ही असंच शिकलो आणि इतकी वर्षं लूप लावतोय. बहुतेक 40 हा आकडाच चुकला असेल, स्टेप टेस्ट पुन्हा करा.

आणि पाडेतली ती उलटी बुडी नको असेल तर सरळ `1/(1+20s)` घ्या. तोही डेड टाइमचाच अंदाज आहे, उजव्या बाजूचा झीरो येत नाही, आलेख सुंदर येतो.

नंदेसरीकर
`1/(1+20s)` स्थिरतेसाठी अजिबात घेऊ नका. तो घातला की समीकरण `(40s+1)(20s+1) + k = 0` होतं. दुसऱ्या क्रमाचं, सगळे कोएफिशंट धन, म्हणजे k हजार केला तरी लूप स्थिर. आलेख सुंदर आणि उत्तर धोक्याचं. उलट `1 - 20s` घेतलं तर मर्यादा 2 येते, म्हणजे भलतीच सावध. एकाच रिगचं एकाच प्रश्नाला 2, 5 आणि अनंत अशी तीन उत्तरं येतात, आणि फरक फक्त डेड टाइमच्या जागी काय लिहिलं याचा.

खरं उत्तर काढायला इथे अंदाज लागतच नाही. डेड टाइम कोणत्याही फ्रीक्वेन्सीला अँप्लिट्यूड 1 च ठेवतो, फक्त फेज मागे ओढतो, ωL इतकी. म्हणून ज्या फ्रीक्वेन्सीला नळी आणि टाकी यांचा मिळून फेज लॅग 180 अंश होतो ती शोधायची आणि तिथला गेन मोजायचा:

```python
import numpy as np
from scipy.optimize import brentq
T, L = 40, 20
w = brentq(lambda w: w*L + np.arctan(w*T) - np.pi, 0.01, 1.0)
print(w, np.sqrt(1 + (w*T)**2), 2*np.pi/w)
```

ω येतो 0.0918, गेनची मर्यादा 3.81 आणि आवर्तन 68.4 सेकंद. ऋजुता, तुझा रिग खोटं बोलत नाही. तुझ्या 70-72 शी 68 जुळतं, 51 जुळत नाही. अशा वेळी गेनच्या आधी आवर्तन बघावं. आवर्तन सरळ घड्याळावर मोजता येतं, त्याला प्रोसेस गेनमधली चूक चिकटत नाही.

आता पाडे कुठे घसरलं ते पाहा. त्याचंही अँप्लिट्यूड सगळीकडे 1 च आहे, तिथे तो चोख आहे. पण त्याचा फेज लॅग `2·atan(ωL/2)` आहे. ω = 0.0918 ला नळी खरोखर 105 अंश मागे ओढते आणि पाडे 85 अंश म्हणतं. मधले 20 अंश नाहीसे झाले. त्यामुळे मॉडेलला 180 पर्यंत पोहोचायला आणखी वरची फ्रीक्वेन्सी लागते. तिथे टाकीने सिग्नल जास्त दाबलेला असतो, आणि मॉडेल म्हणतं की गेन अजून वाढवा, चालेल. आणि ही चूक दर वेळी याच दिशेने होते. पाडेचा लॅग खऱ्यापेक्षा कमीच असतो. पहिल्या क्रमाचं पाडे कितीही वरच्या फ्रीक्वेन्सीला 180 अंशांच्या पुढे जात नाही, नळीला मात्र अशी काही सीमा नाही.

गोत्री_रोड
काका, 20 अंश मान्य. पण माझा मुद्दा डेड टाइम लहान असण्याचा होता. डेड टाइम 4 सेकंद असता तर एवढा फरक आला नसता.

दांडियाबाजार_गणित
इथेच गंमत आहे, फरक जवळपास तेवढाच येतो. मी महाविद्यालयात गणित शिकवते, कंट्रोल हा माझा विषय नाही, पण हे हाताने करून पाहण्यासारखं आहे.

डेड टाइम खूपच लहान धरा. तो जितका लहान, तितकी 180 अंशांची फ्रीक्वेन्सी वर सरकते. इतक्या वर टाकी जवळजवळ 90 अंश मागे असते, म्हणजे उरलेले 90 अंश डेड टाइमला द्यायचे असतात. खरा डेड टाइम ते देतो ωL = π/2 ला, म्हणजे 1.571 ला. पाडेला `2·atan(ωL/2) = π/2` हवं, ते होतं ωL = 2 ला. वर टाकी सिग्नल फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात दाबते, म्हणून गेनच्या मर्यादाही याच प्रमाणात: 2 भागिले 1.571, म्हणजे 4/π, म्हणजे 1.27. L सूत्रातून निघूनच गेला.

ऋजुताच्या टाकीसाठी L बदलून आकडे काढले. पाडेची मर्यादा `1 + 2T/L`, खरी मर्यादा वरच्या कोडमधून:

L = 4: पाडे 21, खरी 16.35
L = 10: पाडे 9, खरी 6.93
L = 20: पाडे 5, खरी 3.81
L = 80: पाडे 2, खरी 1.52

चारही ठिकाणी पाडे 28 ते 32 टक्के जास्त सांगतं. म्हणजे 'डेड टाइम टाइम कॉन्स्टंटपेक्षा लहान आहे' या एका गोष्टीवर काहीच ठरत नाही. अंदाज चालेल की नाही हे ωL ठरवतो, आणि स्थिरतेच्या काठावर उभं राहिलं की ωL दीडच्या वरच असतो, L कितीही असो.

आँरी पाडे यांचा या विषयावरचा प्रबंध 1892 चा. त्यांच्या पद्धतीत जुळवणी s = 0 पाशी होते. पहिल्या क्रमाचं सूत्र s² च्या पदापर्यंत e च्या विस्ताराशी तंतोतंत जुळतं आणि पुढच्या पदापासून सुटतं. फेजमधली तूट साधारण `(ωL)³/12` रेडियन, ωL एकच्या खाली असेपर्यंत. घनाने वाढते, म्हणून खाली जवळजवळ दिसत नाही आणि काठाजवळ एकदम अंगावर येते.

नंदेसरीकर
ताई, सुरेख मांडलंत. 4/π मी असा सुटा काढून कधी पाहिला नव्हता.

गोत्री_रोड म्हणतात त्यातही अर्धं बरोबर आहे आणि ते सोडून देऊ नये. तुम्ही लूप लावता ते काठावर लावत नाही. याच प्रोसेसला पीआय लावा, इंटिग्रल टाइम 40 सेकंद आणि गेन 0.5, म्हणजे सावकाश लूप. टाइम कॉन्स्टंट कटतो आणि लूप उरतो `0.5·e^(-20s)/(40s)`. गेन 1 होतो ω = 0.0125 ला, ωL फक्त 0.25. तिथे नळीचे 14.3 अंश आणि पाडेचे 14.2. फेज मार्जिन दोन्हीकडे जवळपास 76 अंश. इतकी वर्षं तुमचं काम चाललं ते यामुळे. पण त्याच लूपचं गेन मार्जिन काढा. खरं 6.3 आणि पाडेचं 8. दोन्ही भरपूर, म्हणून कोणाला बोचत नाही. गेन दुप्पट करून 1 केला की फेज मार्जिन अजूनही जुळतं, खरं 61.4 आणि पाडेचं 61.9, पण गेन मार्जिन 3.14 च्या जागी 4 दिसतं. सांगायचं ते इतकंच की फेज मार्जिन जुळलं म्हणून गेन मार्जिनही जुळेल असं समजू नका. दोन्ही वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला मोजले जातात.

गोत्री_रोड
हे पटलं. फेज मार्जिन बघूनच आम्ही लूप सोडतो, गेन मार्जिन वेगळं कोणी काढत नाही. तरी एक विचारतो: बोडेवर नेमकं उत्तर मिळतंय तर पाडे हवंच कशाला?

नंदेसरीकर
राउथला आणि रूट लोकसला बहुपदी लागते, स्टेट-स्पेसला मर्यादित स्टेट लागतात. तिथे e चा घात चालत नाही. त्या पद्धती हव्या असतील तर पाडे घ्या, पण निदान दुसऱ्या क्रमाचं:

```
(1 - 10s + 33.33s²) / (1 + 10s + 33.33s²)
```

ऋजुता, यावर राउथ लावून पाहा. शेवटी `k² + 12k - 61 = 0` उरतं.

मांजलपूरची_ऋजुता
काका, करून पाहिलं, k = 3.85 येतो. 5 वरून एकदम 3.85! खऱ्या 3.81 पेक्षा एकाच टक्क्याने जास्त. आवर्तनही 67.6 सेकंद. एका क्रमाने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

आणि सुरुवातीच्या बुडीबद्दल: पहिल्या क्रमात तापमान सहाव्या सेकंदाच्या आसपास अंतिम बदलाच्या 7 टक्के खाली जातं आणि 15 व्या सेकंदाला परत शून्यावर येतं. ही बुडी `1 - 10s` मुळेच ना?

नंदेसरीकर
हो. तो s = 0.1 वरचा उजवीकडचा झीरो आहे. तुझ्या नळीत तो नाही, फक्त सूत्रात आहे. बॉयलरच्या ड्रमची पातळी खरोखर आधी उलटी जाते, तिथे असा झीरो भौतिक असतो. इथे नाही. रूट लोकसवर तो दिसला म्हणून 'प्रोसेस नॉन-मिनिमम फेज झीरोवाली आहे, त्या झीरोसाठी डिझाइन करू' असं कोणी म्हणालं तर थांबवायचं. पहिल्या 20 सेकंदांत सिम्युलेशन सरळ रेघ सोडून काहीही करत असेल तर ती पाडेची खूण समज.

संध्या_मकरपुरा
हाच अनुभव माझ्याकडे वेगळ्या रूपात आहे. मी प्लास्टिक फिल्मच्या लाइनवर काम करते. डायपासून जाडी मोजणाऱ्या गेजपर्यंत फिल्म पोहोचायला वेळ लागतो, सगळा डेड टाइमच. आमच्याकडे कोणीतरी आठव्या क्रमाचं पाडे घालून मॉडेल केलं. स्थिरतेची मर्यादा छान जुळली, तक्रार नाही. पण स्टेपच्या आलेखात डेड टाइम संपायच्या आधी बारीक लहरी दिसायच्या, आणि त्यावर बैठकीत रोलरच्या कंपनाची चर्चा झाली! लहरी मॉडेलच्या होत्या, रोलर बिचारा ठीक होता. आता आमचा नियम असा: स्थिरतेसाठी पाडे घ्यायचं असेल तर घ्या, पण वेळेवरचा आलेख काढायचा तर खरा डिले ब्लॉकच घाला. सिम्युलेशनला बफर ठेवून मागचा नमुना देता येतो, तिथे पाडेची गरजच नाही.

माझा प्रश्न: क्रम वाढवत गेलं तर चूक कमी होत जाते, मग 15 किंवा 20 का नको?

दांडियाबाजार_गणित
कागदावर चूक कमीच होत जाते. पण कोएफिशंट एकमेकांपासून फार दूर जातात आणि पोल एकमेकांच्या जवळ गर्दी करतात. त्यामुळे संगणकाच्या पूर्णांकनाच्या चुका पोलमध्ये शिरतात. म्हणून दहाच्या पुढे जाऊ नये असं सांगतात. 180 अंशांच्या पहिल्या छेदासाठी दोन-तीन क्रम पुष्कळ झाले.

प्रोसेस_प्रमोद
व्हॉल्व्ह नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग हिशेब 3.81 म्हणतो आणि रिग साडेतीनला नाचते, तो उरलेला फरक कुठला? तोही पाडेवर ढकलणार का?

नंदेसरीकर
नाही, तो पाडेचा नाही. चांगला प्रश्न विचारलास. ऋजुता, कंट्रोलर किती सेकंदांनी नमुना घेतो?

मांजलपूरची_ऋजुता
2 सेकंद.

नंदेसरीकर
मग नमुना घेऊन धरून ठेवण्याचा सरासरी अर्धा नमुना उशीर धर, 1 सेकंद. L = 21 घालून तोच कोड चालव: मर्यादा 3.66, आवर्तन 71.4 सेकंद. आवर्तन तुझ्या 70-72 मध्ये बसलं. 3.66 आणि 3.5 मधलं अंतर आरटीडीच्या पॉकेटचं असावं असं मला वाटतं. काही सेकंदांचा लहान लॅग, स्टेप टेस्टमध्ये 40 मध्ये मिसळून गेलेला.

गोत्री_रोड
मला वाटतं प्रोसेस गेन 1 नसून 1.05 असेल. पॉकेटने फेज ओढला तर आवर्तन आणखी लांबलं असतं, आणि ते तर आधीच जुळलंय. गेन वाढला तर फक्त मर्यादा खाली येते, आवर्तन तसंच राहतं.

नंदेसरीकर
हा मुद्दा वजनदार आहे. 70 आणि 72 च्या पट्ट्यात दोन्ही बसू शकतात, पण तुमच्या बाजूने थोडं जास्त झुकतंय खरं. आवर्तन अर्ध्या सेकंदापर्यंत मोजल्याशिवाय मी हट्ट धरणार नाही.

ऋजुता, त्याहून काळजीची गोष्ट दुसरी. तू रोजच्या वापराला k किती ठेवलास?

मांजलपूरची_ऋजुता
2.5. 5 च्या निम्मा, म्हणजे गेन मार्जिन 2. आता कळतंय की ते खरं दीडच आहे. आणि संध्याकाळी नळाचा दाब कमी होतो तेव्हा प्रवाह 2.7 लिटरवर येतो, त्या वेळी एकदा आंदोलन फार हळू मरत होतं.

नंदेसरीकर
तेच विचारायचं होतं. प्रवाह 20 टक्के घटला की नळीतला वेळ 25 सेकंद होतो. हीटर तेवढाच आणि पाणी कमी, म्हणून गेन 1.25. टाकीचा टाइम कॉन्स्टंटही आकारमान भागिले प्रवाह, म्हणून तो 50. म्हणजे L आणि T चं प्रमाण तेच राहिलं. लूप गेनची मर्यादा 3.81 च, पण प्रोसेसच 1.25 झाल्यामुळे k ची मर्यादा 3.05. तुझं मार्जिन 1.22 उरलं. पाडेने सांगितलेल्या 2 पासून 1.22 पर्यंत जेवढं मार्जिन गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त सूत्राने आधीच खाल्लं होतं, बाकीचं प्रवाहाने.

संध्या_मकरपुरा
काका, T संपूर्ण प्रवाहाबरोबर बदलतो हे कशावरून? त्या 40 मध्ये टाकीची भिंत असेल, हीटरचं आवरण असेल, सेन्सर असेल. ते प्रवाह घटला म्हणून तितके सावकाश होणार नाहीत. T अजिबात बदलला नाही असं धरलं तर L = 25 आणि T = 40 ला लूप गेनची मर्यादा 3.19 येते, आणि 1.25 ने भागल्यावर k फक्त 2.55. म्हणजे 2.5 वर ती अगदी काठावर आहे.

नंदेसरीकर
बरोबर. खरा आकडा 2.55 आणि 3.05 च्या मध्ये कुठेतरी असणार, बसल्या जागी सांगता येणार नाही. टाकीत पाणी किती आहे?

मांजलपूरची_ऋजुता
सव्वादोन लिटरच्या आसपास. 3.4 लिटर प्रवाहाला भागलं तर 40 सेकंदच येतात, पण पाणी मी पट्टीने मोजलंय, पाव लिटर इकडेतिकडे असू शकतं.

नंदेसरीकर
मग माझ्या बाजूला झुकतंय, पण पाव लिटर म्हणजे साडेचार सेकंद, त्यात पॉकेट सहज लपतो. एक कर. सध्या k 1.5 वर आण. 2.7 लिटरवर हीटरला मॅन्युअलमध्ये स्टेप दे, एकदा वर आणि एकदा खाली, आणि L, T आणि गेन तिन्ही नव्याने काढ. नमुने 2 सेकंदांऐवजी अर्ध्या सेकंदाने नोंदव, म्हणजे सुरुवातीची सरळ रेघ कुठे संपते ते नीट दिसेल. आकडे इथेच टाक.

मांजलपूरची_ऋजुता
k आजच 1.5 केला. लॅब सोमवारी मिळेल, तेव्हा दोन्ही प्रवाहांवर स्टेप घेते आणि आवर्तनही नीट मोजते. गोत्री_रोड दादा, 3.4 लिटरचा गेन 1 आहे की 1.05 तेही त्यातच कळेल.